किती सामने होणार? जोड्या मोजून पडताळा

स्पर्धेतला प्रत्येक सामना म्हणजे दोन संघांची एक जोडी. त्यामुळे स्पर्धेत एकूण किती सामने होतील, हा प्रश्न खरे तर जोड्या मोजण्याचा आहे. स्पर्धेचे वेळापत्रक, मैदाने, पंच आणि खर्च या एकाच आकड्यावर ठरतात. आकडा चुकला, तर कुणाचा तरी सामना राहून जातो किंवा एखाद्या दिवशी मैदान विनाकारण राखून ठेवले जाते. ही मोजणी दोन स्वतंत्र वाटांनी करता येते आणि दोन्ही उत्तरे जुळली की आकड्यावर विसंबता येते. बाद पद्धतीची वाट वेगळी आणि साखळी पद्धतीची वेगळी, म्हणून दोन्ही क्रमाने पाहणे सोयीचे.

बाद पद्धत : हरणाऱ्यांची मोजणी

बाद पद्धतीत हरलेला संघ लगेच स्पर्धेबाहेर जातो. समजा, तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेत २१ संघांनी नावे दिली आहेत. सामने मोजताना बहुतेक जण पहिल्या फेरीपासून सुरुवात करतात : किती जोड्या लागतील, किती संघ पुढे जातील, पुन्हा किती जोड्या, असे करत अंतिम सामन्यापर्यंत पोचतात. ही रीत बरोबर आहे, पण २१ ही विषम संख्या असल्याने पहिल्याच फेरीत गोंधळ सुरू होतो.

त्यापेक्षा सोपी वाट हरणाऱ्यांकडे पाहण्याची. प्रत्येक सामन्यात नेमका एक संघ बाद होतो आणि प्रत्येक संघ एकदाच बाद होऊ शकतो. म्हणजे प्रत्येक सामन्याची बाद होणाऱ्या एका संघाशी जोडी लावता येते. या जोडीत कोणताही सामना मोकळा उरत नाही आणि कोणताही बाद संघ दोनदा येत नाही. स्पर्धा संपते तेव्हा विजेता सोडून बाकीचे २० संघ बाद झालेले असतात. म्हणून सामने २०. संघ कितीही असोत, साध्या बाद स्पर्धेतले सामने त्यांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असतात. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीच्या मुख्य ड्रॉमध्ये १२८ खेळाडू असतात, म्हणून सामने १२७. फेऱ्यांनुसार बेरीज केली तरी तेच येते : ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १.

आता २१ संघांची भाग्यपत्रिका प्रत्यक्ष मांडून पाहू. रूढ रीतीप्रमाणे २, ४, ८, १६, ३२ या मालिकेतली २१ च्या लगेच पुढची संख्या घेतात. ती ३२. तिच्यातून २१ वजा केले की ११ उरतात आणि तितक्या संघांना पहिल्या फेरीत न खेळता पुढे चाल मिळते. उरलेले १० संघ पहिल्या फेरीत ५ सामने खेळतात. ५ विजेते आणि पुढे चाल मिळालेले ११, असे १६ संघ दुसऱ्या फेरीत येतात. तिथून पुढे ८, ४, २ आणि १ सामना. सगळे मिळून ५ + ८ + ४ + २ + १ = २०. आधीच्या उत्तराशी हे जुळते.

पुढे चाल दुसऱ्या रीतीनेही देता येते. प्रत्येक फेरीत संघ विषम असतील तेव्हाच एकाला बसवायचे. मग २१ संघांचे १० सामने होतात आणि ११ संघ उरतात. त्यांचे ५ सामने होऊन ६ उरतात. सहांचे ३ सामने होऊन ३ उरतात. तिघांतला एक बसतो, १ सामना होतो आणि २ उरतात. शेवटी १ अंतिम सामना. १० + ५ + ३ + १ + १ पुन्हा २०. मांडणी पूर्ण बदलली, पण बेरीज हलली नाही. कारण २० संघ बाद करण्यासाठी २० सामने लागणारच, ते कोणत्या फेरीत होतात याने फरक पडत नाही. पहिल्या मांडणीचा फायदा वेगळा आहे. तिथे पुढे चाल फक्त पहिल्या फेरीपुरती असते आणि नंतर कुणालाही आयता विश्रांतीचा लाभ मिळत नाही.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे भाग्यपत्रिकेवरचे कंस मोजणे. ३२ जागांच्या कागदावर पहिल्या फेरीचे १६ कंस छापलेले असतात. ते सगळे सामने धरले, तर १६ + ८ + ४ + २ + १ म्हणजे ३१ येतात. खरे सामने २०. फरक ११ चा, म्हणजे पुढे चाल मिळालेल्या संघांइतकाच. दोन उत्तरांतला फरक पुढे चालीच्या संख्येएवढा निघाला, तर चूक कुठे आहे हे लगेच समजते.

तिसऱ्या क्रमांकासाठी सामना ठेवला, तर बेरजेत एक वाढतो. उपांत्य फेरीत हरलेले दोन संघ त्यात खेळतात. ते आधीच बाद झालेले असल्याने या सामन्याची नव्याने बाद होणाऱ्या संघाशी जोडी लागत नाही. त्यामुळे २१ संघांच्या स्पर्धेत असा सामना असेल, तर एकूण २१ सामने होतात.

साखळी पद्धत : प्रत्येक जोडी एकदाच

साखळी पद्धतीत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. इथे कुणी बाद होत नाही, म्हणून हरणाऱ्यांची मोजणी उपयोगी पडत नाही. मोजायच्या असतात शक्य असलेल्या सगळ्या जोड्या.

सहा संघ घेऊ : क, ख, ग, घ, च, छ. 'क'ला पाच प्रतिस्पर्धी आहेत, म्हणून त्याचे पाच सामने. 'ख'चेही पाच, पण 'क'विरुद्धचा सामना आधीच धरला आहे, म्हणून नवे चार. त्यापुढे 'ग'चे नवे तीन, 'घ'चे दोन आणि 'च'चा एक. 'छ'चे सगळे सामने मोजून झालेले असतात. ५ + ४ + ३ + २ + १ = १५.

दुसरी वाट अशी : सहा संघ प्रत्येकी पाच सामने खेळतात, म्हणून ६ × ५ = ३०. पण या तीसमध्ये प्रत्येक सामना दोनदा आला आहे, एकदा एका संघाच्या खात्यात आणि एकदा दुसऱ्याच्या. म्हणून दोनने भागायचे. उत्तर पुन्हा १५. संघांची संख्या न असेल, तर सामने न × (न − १) ÷ २. दोनने भागायला विसरणे ही साखळीतली सर्वांत मोठी चूक. उत्तर बरोबर दुप्पट दिसले, तर तीच झालेली असते. मात्र प्रत्येक जोडीचे दोन सामने असतील, एक आपल्या मैदानावर आणि एक दुसऱ्याच्या, तर दोनने भागायचे नाही. तिथे तीस हेच खरे उत्तर.

तिसरा पडताळा फेऱ्यांनी करता येतो. सहा संघ असतील, तर एका फेरीत सर्वांना खेळवणारे तीन सामने होतात. प्रत्येकाला पाच जणांशी खेळायचे असल्याने फेऱ्या पाच. ५ × ३ = १५. संघ सात असतील, तर प्रत्येक फेरीत एक संघ विश्रांती घेतो, सामने तीनच होतात आणि फेऱ्या सात लागतात. ७ × ३ = २१, आणि सूत्रानेही ७ × ६ ÷ २ = २१.

एक गोष्ट या मोजणीतून आपोआप कळते. नऊ संघ आहेत आणि प्रत्येकाने सात सामने खेळायचे, असे ठरवले तर ते जमणारच नाही. ९ × ७ = ६३ आणि त्याचे निम्मे पूर्ण संख्येत येत नाही. संघ विषम आणि प्रत्येकाचे सामनेही विषम असतील, तर तसे वेळापत्रक अस्तित्वातच नसते. ते मांडण्याची खटपट करण्याआधी हा एक गुणाकार करून पाहिला की पुरते.

गुणतक्त्यावरून पडताळा : २०१९चा विश्वचषक

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१९ साली झालेल्या एकदिवसीय क्रिकेट विश्वचषकात दहा संघ एकमेकांशी एकेकदा खेळले. सूत्राने सामने १० × ९ ÷ २ = ४५. त्यानंतर चार संघांचे दोन उपांत्य सामने आणि एक अंतिम सामना, म्हणजे बाद फेरीचे तीन. एकूण ४८.

साखळी संपल्यावरचा गुणतक्ता हा या ४५ चा वेगळा पुरावा आहे. विजयाला दोन गुण होते आणि सामना निकाली निघाला नाही तर दोन्ही संघांना एकेक. म्हणजे कोणत्याही सामन्यातून तक्त्यात नेमके दोनच गुण येतात, मग निकाल लागो वा न लागो. तक्त्यातली बेरीज म्हणून ४५ × २ = ९० यायला हवी. प्रत्यक्षात भारताचे १५, ऑस्ट्रेलियाचे १४, इंग्लंडचे १२, न्यूझीलंड आणि पाकिस्तानचे प्रत्येकी ११, श्रीलंकेचे ८, दक्षिण आफ्रिका आणि बांगलादेशचे प्रत्येकी ७, वेस्ट इंडीजचे ५ आणि अफगाणिस्तानचा शून्य गुण होता. बेरीज ९०.

फक्त विजय मोजले, तर मात्र ४५ येत नाहीत. दहा संघांचे विजय मिळून ४१ होतात. उरलेले चार सामने पावसाने वाया गेले होते. त्यांतला एक भारत आणि न्यूझीलंड यांचा नॉटिंगहॅमचा. 'अनिर्णित'च्या रकान्याची बेरीज मात्र चार नव्हे, आठ येते, कारण वाया गेलेला प्रत्येक सामना दोन संघांच्या नावापुढे लिहिला जातो. श्रीलंकेच्या नावापुढे दोन आणि भारत, न्यूझीलंड, पाकिस्तान, बांगलादेश, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज यांच्या नावापुढे प्रत्येकी एक. म्हणून नियम असा : विजयाचा रकाना जसाच्या तसा घ्यायचा आणि अनिर्णितचा निम्मा करायचा. ४१ + ४ = ४५.

हा पडताळा सगळ्याच खेळांत असाच चालत नाही. फुटबॉलमध्ये विजयाला तीन गुण आणि बरोबरीला दोन्ही संघांना एकेक गुण मिळतो. तिथे निकाली सामन्यातून तीन आणि बरोबरीतून दोन गुण येतात, म्हणून केवळ गुणांच्या बेरजेवरून सामने निघत नाहीत. बरोबरी किती झाल्या हेही माहीत असावे लागते. बोनस गुण देणाऱ्या स्पर्धांमध्ये तेही आधी वेगळे काढावे लागतात. विजयांची संख्या आणि बरोबरीच्या रकान्याचे निम्मे, ही बेरीज मात्र कुठल्याही गुणपद्धतीत लागू पडते.

सगळ्या जोड्या सारख्या नसतील तेव्हा

इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२२ साली संघ आठांवरून दहा झाले. आठ संघ असताना प्रत्येक जोडी दोनदा खेळत होती : ८ × ७ = ५६ साखळी सामने आणि प्रत्येक संघाचे १४. दहा संघांनी तसेच केले असते, तर १० × ९ = ९० सामने झाले असते. स्पर्धा इतकी लांबवायची नव्हती, म्हणून प्रत्येक संघाचे सामने १४ च ठेवले गेले. मग एकूण १० × १४ ÷ २ = ७०.

पण नऊ प्रतिस्पर्ध्यांशी १४ सामने म्हणजे काहींशी दोनदा आणि काहींशी एकदा. त्यासाठी पाच-पाच संघांचे दोन गट केले गेले. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या चौघांशी दोनदा खेळला. दुसऱ्या गटातल्या, यादीत आपल्या समोर येणाऱ्या एका संघाशी दोनदा आणि उरलेल्या चौघांशी एकदा खेळला. ८ + २ + ४ = १४.

जोड्या मोजून ७० येतात का, हे पाहू. एका गटातल्या पाच संघांच्या जोड्या ५ × ४ ÷ २ = १०. दोन गटांच्या मिळून २०, आणि प्रत्येकीचे दोन सामने, म्हणून ४०. दोन गटांमधल्या जोड्या ५ × ५ = २५. इथे दोनने भागायचे नाही, कारण जोडीतला एक संघ नेहमी पहिल्या गटातला आणि दुसरा नेहमी दुसऱ्या गटातला असतो. एकच जोडी दोनदा मोजली जाण्याचा प्रश्नच येत नाही. या २५ पैकी समोरासमोरच्या ५ जोड्या दोनदा खेळल्या, म्हणजे १० सामने, आणि उरलेल्या २० एकदा. ४० + १० + २० = ७०.

त्या वर्षीचे सगळे साखळी सामने महाराष्ट्रात झाले, त्यामुळे मैदानांवरूनही ताळा जमतो. वानखेडेवर २०, ब्रेबॉर्नवर १५, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २० आणि पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर १५. बेरीज ७०.

साखळीनंतर पहिले चार संघ पुढे गेले. साध्या बाद पद्धतीत चार संघांना तीन सामने पुरतात, पण इथे चार होतात. चौथा कुठून आला, हे हरणाऱ्यांच्या मोजणीतून दिसते. पहिल्या दोन क्रमांकांच्या संघांमधला 'क्वालिफायर-१' हरणारा संघ बाद होत नाही, त्याला आणखी एक संधी मिळते. २०२२ मध्ये राजस्थान तो सामना गुजरातकडून हरला. लखनऊ 'एलिमिनेटर'मध्ये बंगळूरकडून हरून बाद झाला. बंगळूर दुसऱ्या क्वालिफायरमध्ये राजस्थानकडून हरून बाद झाला आणि राजस्थान अंतिम सामन्यात पुन्हा गुजरातकडून हरला. बाद झालेले संघ तीन, पण पराभव चार, कारण एक पराभव माफ होता. अशा पद्धतीत सामने म्हणजे बाद होणारे संघ अधिक माफ झालेले पराभव.

गट आणि बाद फेरी एकत्र

फुटबॉलच्या २०२२ च्या विश्वचषकात ३२ संघ होते आणि चार-चार संघांचे आठ गट. एका गटात ४ × ३ ÷ २ = ६ सामने, आठ गटांत ४८. प्रत्येक गटातले दोन, असे १६ संघ पुढे गेले. त्यांचे १५ बाद सामने आणि तिसऱ्या क्रमांकाचा एक. एकूण ६४.

याचा ताळा उलट बाजूने, संघांच्या खात्यावरून करता येतो. १६ संघ गटातच थांबले आणि प्रत्येकी ३ सामने खेळले : ४८. आठ संघ पुढच्या फेरीत हरले, प्रत्येकी ४ : ३२. चार संघ उपांत्यपूर्व फेरीत हरले, प्रत्येकी ५ : २०. उरलेले चार संघ प्रत्येकी ७ सामने खेळले, कारण उपांत्य फेरीनंतर दोघांना अंतिम आणि दोघांना तिसऱ्या क्रमांकाचा सामना होता : २८. बेरीज १२८ आणि तिचे निम्मे ६४.

एकूण बरोबर, तरी वेळापत्रक चूक

सामन्यांची संख्या बरोबर आली म्हणजे वेळापत्रक बरोबर आहे, असे नाही. सहा संघांच्या साखळीत १५ ओळी आहेत, पण एक जोडी दोनदा आली आणि दुसरी राहून गेली, तरी ओळी १५ च राहतात. अशी चूक बहुतेक वेळा प्रत्येक संघाचे सामने मोजल्यावर उघड होते. कुणाचे सहा आणि कुणाचे चार निघतात.

एक चूक मात्र त्यातूनही निसटते. समजा, 'क–ख' आणि 'ग–घ' हे सामने दोनदा लिहिले गेले आणि 'क–ग' व 'ख–घ' राहून गेले. 'क'चा एक सामना वाढला आणि एक कमी झाला. 'ख', 'ग' आणि 'घ' यांचेही तसेच. एकूण १५ बरोबर, प्रत्येकाचे पाच बरोबर, आणि वेळापत्रक तरीही चुकीचे.

हे पकडायला चौकोनी तक्ता लागतो. सगळ्या संघांची नावे आडवी आणि उभी लिहायची. वेळापत्रकातला एकेक सामना वाचत त्या जोडीच्या चौकटीत खूण करायची. 'क–ख' आणि 'ख–क' वेगळे पडू नयेत म्हणून यादीत आधी येणारे नाव नेहमी आडव्या ओळीचे धरायचे, म्हणजे सगळ्या खुणा कर्णाच्या एकाच बाजूला येतात. सहा संघांच्या तक्त्यात त्या बाजूला नेमक्या १५ चौकटी असतात आणि प्रत्येकीत एकच खूण हवी. रिकामी चौकट म्हणजे राहिलेला सामना, दोन खुणा म्हणजे दोनदा लिहिलेला आणि कर्णावर खूण म्हणजे एखाद्या संघाला स्वतःविरुद्धच खेळवले आहे. दुहेरी साखळीत कर्णाच्या दोन्ही बाजू वापरायच्या, एक बाजू यजमान संघासाठी आणि दुसरी पाहुण्यासाठी.

ही सगळी मोजणी ठरलेल्या सामन्यांची आहे, खेळल्या गेलेल्या नव्हे. बाद स्पर्धेत प्रतिस्पर्धी आलाच नाही, तर समोरचा न खेळता पुढे जातो. सामना झालेला नसतो, पण एक स्पर्धक बाद झालेला असतो, म्हणून एकूण आकडा तोच राहतो आणि खेळलेले सामने एकाने कमी भरतात. साखळीत एखाद्या संघाने मध्येच माघार घेतली, तर काय करायचे हे नियमांवर अवलंबून असते. त्या संघाचे सगळे निकाल रद्द केले, तर सहा संघांची साखळी पाच संघांची होते आणि १५ ऐवजी १० सामने मोजले जातात. उरलेले सामने प्रतिस्पर्ध्यांना बहाल केले, तर १५ कायम राहतात. यातले कोणते लागू आहे हे ठरल्यावरच तक्त्यातल्या खुणा आणि गुणांची बेरीज एकमेकांशी ताडून पाहता येते.